रिऑर्डर लेव्हल लावूनही थालीपीठ भाजणी दर महिन्याला का संपायची

आमचं दुकान इंदूरच्या राजेंद्रनगरात आहे. डाळ, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे हा माल सियागंजातून येतो. सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत लोडिंग रिक्षा दारात उभी. त्यात कधी अडचण येत नाही. अडचण पुण्याहून येणाऱ्या मालाची: भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं. हे घेणारी गिऱ्हाइकं मराठी, ठरलेली आणि आठवण ठेवणारी. काकू दोन वेळा रिकाम्या हाताने परतल्या की तिसऱ्यांदा येत नाहीत, पुण्याहून येणाऱ्या भाच्याला सांगतात.

दोन वर्षांपूर्वी मी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला रिऑर्डर लेव्हल लावली. शिल्लक त्या आकड्याखाली गेली की ओळ लाल होते, मग मागणी पाठवायची. थालीपीठ भाजणीच्या अर्धा किलोच्या पाकिटाला २० हा आकडा दिला. हिशेब सोपा होता. आठवड्याला सुमारे १५ पाकिटं खपतात, पुण्याचे काका म्हणतात आठवड्यात माल पोचतो, वर पाच पाकिटं हाताशी. तरीही जवळजवळ दर महिन्याला चार-पाच दिवस भाजणीचा कप्पा रिकामा राहायचा. मी कारण ठरवून टाकलं होतं की गिऱ्हाइकांचा नेम नाही, कधी दोन नेतात तर कधी दहा. कारण खरं होतं, पण त्याचा वाटा लहान निघाला. मोठा वाटा माझाच होता.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर मी ज्या क्रमाने शोधत गेलो त्याच क्रमाने जा. उलट्या क्रमाने गेलात तर रिऑर्डर लेव्हल काढायच्या सूत्रात चुकीचे आकडे घालून बसाल. मी एकदा तेही केलं.

आधी कप्पा मोजा

लाल ओळ लागते ती स्क्रीनवरच्या शिल्लकेवर, कप्प्यातल्या नाही. मी एका रविवारी मोजलं तेव्हा स्क्रीनवर थालीपीठ भाजणी १७ होती आणि कप्प्यात ११. चकली भाजणी मात्र स्क्रीनपेक्षा पाचने जास्त. दुकानातला मुलगा हिंदी भाषक, त्याला दोन्ही ‘भाजणी’च. यादीत जे नाव वर दिसेल त्यावर तो बोट ठेवायचा. सहावं पाकीट फाटलं होतं, ते घरी गेलं आणि कुणी लिहिलं नाही.

पातळी २० असताना सहाचा फरक म्हणजे तीन दिवसांचा खप. तो निस्तरल्याशिवाय पुढचं काहीच खरं नाही. मी चकली भाजणीचं नाव बदलून ‘चकली पीठ’ केलं आणि पुण्याच्या मालातल्या जास्त खपणाऱ्या वस्तू रविवारी हाताने मोजायला लागलो. पंचवीसेक वस्तू आहेत, अर्धा तास जातो.

न विकलेलं विक्रीत दिसत नाही

मग बारा आठवड्यांची विक्री काढली. पाकिटं अशी होती: १३, १७, ९, ०, १५, ४६, १२, ६, १८, १४, ११, १६.

सरासरी १४.७५ येते. चढउतार किती आहे हे सांगणारा आकडा, म्हणजे प्रमाण विचलन, ११ च्या वर जातो. पहिल्यांदा मी हेच आकडे सूत्रात घातले. सूत्र म्हणालं, २० काय, ६० पाकिटं शिल्लक असतानाच मागवा. बाबा हसले. भाजणी म्हणजे भाजलेलं पीठ. आमच्या पाकिटावर तीन महिने लिहिलेले असतात आणि शेवटच्या महिन्यात तिला खवट वास येऊ लागला की गिऱ्हाईक बोलून दाखवतं.

आकडे एकेक करून पाहिले तेव्हा गोंधळ कळला. चौथ्या आठवड्यातला शून्य म्हणजे मागणी शून्य नव्हती, माल नव्हता. आठव्या आठवड्यातले ६ फक्त तीन दिवसांचे आहेत, पुढचे चार दिवस कप्पा रिकामा. सहाव्या आठवड्यातल्या ४६ पैकी ३० पाकिटं एका महिला मंडळाने एकरकमी नेली होती. बाकीचा रोजचा खप १६.

म्हणून मालाचा तुटवडा असलेले दोन आठवडे मी काढून टाकले आणि ४६ च्या जागी १६ घेतले. उरले दहा आठवडे, ते स्प्रेडशीटच्या B2 ते B11 मध्ये घातले.

```
=AVERAGE(B2:B11)
=STDEV.S(B2:B11)
```

सरासरी १४.१ आणि प्रमाण विचलन २.८५. सरासरी फारशी हललीच नाही, कारण रिकाम्या आठवड्याने ती जेवढी खाली ओढली तेवढीच महिला मंडळाने वर नेली होती. नुसती सरासरी पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा इथेच फसतो. चढउतार मात्र ११ वरून तीनच्या आत आला. मी ज्या गिऱ्हाइकांना लहरी म्हणत होतो ती आठवड्याला ९ ते १८ च्या दरम्यान पाकिटं नेतात. एवढ्याशा दुकानाला याहून शहाणी गिऱ्हाइकं मिळणार नाहीत.

यापुढे दोन गोष्टी नेमाने केल्या. गल्ल्याजवळ एक वही ठेवली. कुणी मागितलं आणि नव्हतं, की तारीख आणि वस्तू लिहायची. मुलगा तिला ‘नहीं वाली कॉपी’ म्हणतो. तुटवड्याचा आठवडा ओळखायला ही वही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाची आहे. दुसरं म्हणजे मोठ्या मागणीची सीमा ठरवली. दहाच्या वर पाकिटं हवी असतील तर पंधरा दिवस आधी सांगायचं आणि अर्धी रक्कम आगाऊ. अशी मागणी मी वेगळी पाठवतो, ती कप्प्यातून जात नाही आणि सरासरीतही धरत नाही. मंडळाच्या काकूंना आधी राग आला. त्यांना हव्या त्या दिवशी तीसच्या तीस ताजी पाकिटं मिळाली तेव्हा तो गेला. ज्यांच्याकडे असं आधी सांगणं शक्यच नाही, उदाहरणार्थ औषधवाले, त्यांना हा मार्ग नाही. त्यांना तो मोठा आकडा हिशेबात ठेवावाच लागेल.

माल खरंच किती दिवसांत येतो

पुण्याचे काका ‘आठवडा’ म्हणतात ते खोटं नाही. त्यांच्या मते माल त्यांच्या दारातून निघाला की काम झालं. मला मोजायचा होता तो काळ वेगळा: मी फोन केला त्या दिवसापासून पाकीट कप्प्यात लागेपर्यंतचा. त्यात त्यांचं दळण, खोकी बांधणं, ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी भरेपर्यंत पडून राहणं, रस्ता, इंदूरच्या गोदामातून बिल्टी दाखवून सोडवणं, आणि मी सोडवायला दोन दिवस उशिरा गेलो तर तेही आलं.

जुन्या बिल्ट्या आणि फोनमधले मेसेज जुळवून सहा महिन्यांतल्या आठ मागण्यांचे दिवस काढले: ६, ७, ५, १३, ७, ६, १२, ८. सरासरी बरोबर ८ दिवस. प्रमाण विचलन २.९३.

या यादीकडे नीट पाहा. सहा मागण्या पाच ते आठ दिवसांत आल्या आणि दोन बारा-तेरा दिवसांत. मधे काहीच नाही. सगळे आकडे सारखेच विखुरलेले असते तर रस्त्याला दोष दिला असता. असे दोन थवे दिसले की समजायचं, इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतायत. मी ते लगेच समजलो नाही, ते पुढे सांगतो.

रविवारचा छुपा आठवडा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे निघाली, आणि ती आकड्यांत नव्हती, सवयीत होती. ओळ मंगळवारी लाल झाली तरी मागणी मी रविवारीच पाठवायचो. त्या दिवशी दुपारी दुकान शांत असतं, सगळ्या पुरवठादारांना एकदमच मेसेज जातो.

आता जुनी पातळी २० घेऊन चालवून पाहा. रविवारी शिल्लक २२. विसाच्या वर आहे, म्हणून मागणी नाही. पुढच्या रविवारपर्यंत १४ खपली, राहिली ८. आता मागवलं. माल यायला आठ दिवस, आणि आठ पाकिटं रोज दोन या वेगाने चार दिवस पुरतात. उरलेले चार दिवस कप्पा रिकामा. यात कुणीही लहरीपणा केलेला नाही. गिऱ्हाईक सरासरीने वागलं, ट्रान्सपोर्टवालाही सरासरीने वागला, तरी माल संपला. दर महिन्याचे माझे ते चार-पाच दिवस हेच होते.

रिऑर्डर लेव्हलची पुस्तकी व्याख्या असं धरून चालते की शिल्लक आकड्याला टेकली त्याच क्षणी मागणी गेली. तुम्ही आठवड्यातून एकदाच मागणी पाठवत असाल तर आज न पाठवलेल्या मागणीची पुढची संधी सात दिवसांनी, आणि तो माल त्यानंतर आठ दिवसांनी. म्हणजे आजच्या शिल्लकेने १५ दिवस भागवायचे आहेत, ८ नाही. मागणी महिन्यातून दोनदाच पाठवणाऱ्यांनी आठात सातऐवजी पंधरा मिळवावेत.

आता राखीव साठा

पंधरा दिवसांचा खप रोज दोनच्या हिशेबाने ३० पाकिटं. ही पातळीची तळाची रक्कम. त्याच्या वर राखीव साठा, म्हणजे ज्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात तो. तो दोन अनिश्चितता झेलतो: गिऱ्हाईक सरासरीपेक्षा जास्त नेईल, आणि माल सरासरीपेक्षा उशिरा येईल. दोन्ही एकत्र करताना विचलनं सरळ मिळवायची नसतात. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं, कारण दोन्ही वाईट गोष्टी दर वेळी एकाच आठवड्यात घडत नाहीत.

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT(15*2.85^2/7 + 2^2*2.93^2)
```

वर्गमुळातला पहिला भाग गिऱ्हाइकाचा. आठवड्याच्या विचलनाचा वर्ग ७ ने भागून रोजचा केला आणि पंधरा दिवसांनी गुणला. दुसरा भाग वाहतुकीचा: रोजच्या दोन पाकिटांचा वर्ग गुणिले दिवसांच्या विचलनाचा वर्ग. उत्तर ११.८, म्हणजे १२ पाकिटं. पातळी झाली ३० अधिक १२, म्हणजे ४२. मी लावली होती २०.

मला थांबवलं ते उत्तराने नाही, त्या दोन भागांनी. पहिला भाग सुमारे १७ येतो आणि दुसरा ३४. राखीव साठ्यामागची दोन तृतीयांश अनिश्चितता वाहतुकीची निघाली. दोन वर्षं मी गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडत होतो. सूत्र वापरायचं असेल तर हे दोन भाग वेगळे काढून नक्की पाहा, कारण पुढे काय दुरुस्त करायचं ते तिथेच दिसतं.

त्यातल्या ०.९५ बद्दल थोडं. याचा अर्थ शंभरातल्या पंच्याण्णव गिऱ्हाइकांना माल मिळेल असा नाही. मागणीच्या वीस फेऱ्यांपैकी एखाद्या फेरीत माल येण्याआधी कप्पा रिकामा होईल, असा आहे. मी एका वेळी ४८ पाकिटं मागवतो तेव्हा वर्षाला पंधराएक फेऱ्या होतात, म्हणजे सरासरी वर्षातून एकदाही नाही. ०.९९ घातलं तर राखीव साठा १७ होतो, ०.८५ घातलं तर ७. भाजणीला मी ०.९५ ठेवलं, कारण ती नसली की गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसरीकडे नेतं. लोणच्याच्या मसाल्याला ०.८५ पुरतं. तो नसला तर लोक पुढच्या आठवड्यात येतात, रागावत नाहीत.

२० वरून ४२ म्हणजे २२ पाकिटं जास्त, ८५ रुपये खरेदीने १,८७० रुपये अडकले. एका वस्तूला हे परवडतं. पुण्याच्या सगळ्याच वस्तूंना असं केलं असतं तर दिवाळीआधी बाबांनी मला दुकानाबाहेर बसवलं असतं.

बाबांची दोन खोकी

त्या बारा-तेरा दिवसांच्या दोन मागण्यांचा उलगडा बाबांनी केला. मी आकडे मोठ्याने वाचत होतो. त्यांनी विचारलं, “त्या दोन वेळा किती मागवलं होतंस?” दोन्ही वेळा एकच खोकं, २४ पाकिटं. बाकीच्या सहा मागण्या दोन किंवा जास्त खोक्यांच्या.

“मी कधी दोनाच्या खाली मागवलंच नाही,” बाबा म्हणाले. “एका खोक्यासाठी तो माणूस ट्रान्सपोर्टपर्यंत जात नाही रे. इंदूरचं दुसरं पार्सल निघालं की त्याच्याबरोबर टाकतो.”

फोन करून विचारलं. पुण्याच्या काकांनी अगदी सहज कबूल केलं. पैसे कमी अडकावेत म्हणून मी एकेक खोकं मागवायला लागलो होतो, आणि त्यामुळेच माल सहा दिवस उशिरा येत होता. त्या उशिरासाठी मग राखीव साठा वाढवावा लागत होता. एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने देत होतो.

तेव्हापासून मागणी ४८ चीच. त्यानंतरच्या पाच खेपा ६, ७, ६, ८, ७ दिवसांत आल्या. विचलन एका दिवसाच्याही आत. हेच आकडे सूत्रात घातले तर राखीव साठा सात-आठवर येतो आणि पातळी ३६ वर. पण पाच खेपांवर एवढा विश्वास टाकायला मी तयार नाही. त्यात पावसाळ्यातली एकही नव्हती. म्हणून सध्या ४० ठेवली आहे. आणखी दहा खेपा झाल्या की पुन्हा मोजीन.

एकदम ४८ आल्यावर माल शिळा होईल का, हेही तपासून घ्या. माल पोचतो तेव्हा जुना धरून कप्प्यात साधारण सत्तर पाकिटं असतात, म्हणजे पाच आठवड्यांचा खप. तीन महिन्यांच्या आत व्यवस्थित बसतं, पण नवा माल मागे आणि जुना पुढे लावला तरच. मुलगा खोकं फोडून सरळ पुढेच रचायचा. आता खोक्यावर स्केच पेनने तारीख लिहितो.

वाटेवरचा माल

पातळी वाढवल्यावर एक नवीनच भानगड झाली. एका रविवारी शिल्लक २५ होती, ओळ लाल होती, मी ४८ मागवली. त्याच्या आदल्या रविवारीही ओळ लालच होती आणि तेव्हा बाबांनी ४८ मागवून ठेवली होती. दोन्ही आली. भाजणी पलंगाखाली ठेवायची वेळ आली.

पातळीशी तुलना कप्प्यातल्या शिल्लकेची करायची नसते. कप्प्यातला माल, अधिक वाटेवरचा, वजा कुणाला कबूल केलेला, ही रक्कम धरायची. त्या रविवारी ती २५ अधिक ४८ म्हणजे ७३ होती. ४२ पेक्षा बरीच वर, मागवायची गरजच नव्हती. माल यायला लागणारे दिवस तुमच्या मागणीच्या दिवसांपेक्षा जास्त असतील, माझ्यासारखे आठ विरुद्ध सात, तर ही चूक आज ना उद्या होणारच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मागणी नोंदवली तर ते वाटेवरचा माल धरतं, पण आम्ही दोघंही फोनवरून मागवायचो आणि नोंद करत नव्हतो. आता गल्ल्याच्या वर एक पाटी आहे: वस्तू, किती, कधी मागवलं. माल आला की पुसायचं. पाटीवर नसलेली मागणी कुणीही करायची नाही, बाबांनीसुद्धा.

पातळी बरोबर आहे हे कसं कळतं

माल संपण्याची वाट पाहून कळत नाही, वर्षातून एकदाची गोष्ट ती. त्यापेक्षा नवं खोकं फोडण्याआधी जुनी किती पाकिटं उरली आहेत ते दर वेळी लिहा. पातळी ४२ आणि माल आठ दिवसांत, असं असताना माझ्याकडे सरासरी अठरा-एकोणीस उरायला हवीत. बारा राखीव आणि वर रविवारपर्यंत थांबण्यातला निम्मा आठवडा. लागोपाठ दोन-तीन वेळा पाचच्या खाली उरली तर खप वाढलाय किंवा माल उशिरा येतोय. पंचवीसच्या वर उरत राहिली तर पातळी जास्त आहे. गेल्या चार वेळा माझी उरली २१, १५, १८, १२.

जिथे हे सूत्र चालत नाही

मेतकूट आठवड्याला सरासरी एक जातं. दोन आठवडे शून्य, मग एकदम तीन. अशा वस्तूला वरचं सूत्र लावू नका, ते खपाचे आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले धरतं आणि इथे शून्याच्या खाली जागाच नाही. पंधरा दिवसांत सरासरी दोन जात असतील तर सरळ असं विचारा:

```
=POISSON.DIST(4,2,TRUE)
```

उत्तर ०.९४७. म्हणजे चार पाकिटं हाताशी असली तर शंभरातल्या जवळजवळ पंच्याण्णव वेळा भागतं. पाच ठेवली तर अठ्ठ्याण्णव. मी चार ठेवतो. विचलन वगैरे काढत बसायची गरज नाही. फक्त एकच माणूस एका वेळी चार-पाच नेत नसावा, तसं असेल तर हा हिशेब कमी पडतो.

सणांचं मात्र वेगळं, आणि इंदुरात त्यात एक गंमत आहे. उपवासाच्या भाजणीचा खप श्रावणात तिप्पट होतो. पण कुणाच्या श्रावणात? हिंदी भाषक शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर, पंधरा दिवस उशिरा, आणि पोळ्यापर्यंत. आता त्यांच्याही बायका आमच्याकडून उपवासाची भाजणी नेतात. त्यामुळे मागणी दीड महिना पसरते आणि श्रावणाच्या शुद्ध पंधरवड्यात, दोन्ही महिने एकत्र चालू असताना, सगळ्यात जास्त चढते. एरवी आठवड्याला ५ जाणारी पाकिटं तेव्हा १६ गेली.

मागच्या वर्षीची तीच तारीख पाहून इथे काही हाती लागत नाही. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. तारखेने जुळवलं तर एका वर्षीचा रिकामा आठवडा दुसऱ्या वर्षीच्या गर्दीसमोर येतो. म्हणून विक्रीच्या तक्त्यात मी तिथीचा एक रकाना घातला आणि कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. तुलना आषाढ वद्य प्रतिपदेची आषाढ वद्य प्रतिपदेशी.

सणासाठी पातळी वाढवायची ती सण लागल्यावर नाही, माझ्या हिशेबाने पंधरा दिवस आधी. आणि उतरवायचीही तितकीच आधी, हे जास्त महत्त्वाचं. राखीच्या आठवड्यात ओळ लाल दिसली म्हणून मागवलेला माल पोळ्याला येऊन पडतो. एकदा तसा पडला होता. सुदैवाने भाद्रपद संपला की नवरात्र असतं, त्यात गेला.

दिवाळीची चकली भाजणी मात्र या सगळ्याच्या बाहेर आहे. तिचा जवळजवळ पूर्ण खप दिवाळीआधीच्या दहा दिवसांत होतो आणि माल यायला लागतात सात-आठ दिवस, तेही ट्रान्सपोर्टला गर्दी नसेल तर. संपल्यावर मागवण्यात अर्थच नसतो. कोजागिरीपर्यंत एकदाच काय तो आकडा ठरवायचा, गेल्या वर्षीची विक्री आणि ‘नहीं वाली कॉपी’तली नावं मिळून. तिच्यापुढे रिऑर्डर लेव्हलच्या रकान्यात मी शून्य घातलं आहे, म्हणजे ऐन धनत्रयोदशीला लाल ओळ पाहून बाबा पुण्याला फोन लावणार नाहीत.